चांगला पाय

माझं क्लिनिक गांधीबागेत आहे, कपड्याच्या ठोक दुकानाच्या वर. गुडघ्याचा दवाखाना अन् चढायले बावीस पायऱ्या, त्यातल्या अर्ध्यांवर दुकानदाराच्या कापडाच्या गाठी ठेवलेल्या. लोक हसतात. हसू द्या. ज्याले चढता येत नाही, त्याले मी खाली येऊन आधी जिनाच शिकवते. मी शामला, कोष्ट्याची पोर. बाप मागावर बसायचा अन् मी फिजिओथेरपी शिकली. तोंडाची फटकळ आहे हे मलेबी माहीत आहे. पेशंट रडला की मी आधी रागावते, मग रुमाल देते.

ही गोष्ट वैभवीची आहे. तिच्यापेक्षा जास्त माझी आहे, पण भोगलं तिनं.

वैभवी म्हणजे बास्केटबॉलची पोट्टी, सतरा वर्षांची, उंच, हातपाय लांब, केस कापलेले. गाव कुहीकडचं. तिचा बाप, रुपरावभाऊ, पोरीच्या खेळापायी शहराच्या कडेले, वाडीले एक खोली घेऊन राहिला अन् तिथल्याच ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनात माल चढवा-उतरवायच्या कामाले लागला. आई गावाकडेच, धानाची शेती पाहते. त्या माणसाचं एकच म्हणणं होतं. पोरगी अठराच्या आतल्या जुनिअर गटात राज्याच्या टीममधून नॅशनल खेळली की हाती प्रमाणपत्र येते, अन् प्रमाणपत्र आलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीले अर्ज करता येते. जुनिअरचं तिचं हे शेवटचं वर्ष. टीमची निवड सप्टेंबरच्या शेवटी होती. ती हुकली तं खोली सोडायची अन् कुहीले परत जायचं, हे दोघांत ठरलेलं होतं.

अन् डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचा उजवा गुडघा गेला.

तिचे कोच श्रावण सर, त्यांचा फोन आला. "मॅडम, कोणी हातबी नाही लावला हो पोरीले. उडी मारून रिबाउंडचा बॉल घेतला, खाली आली, वळाले गेली अन् बसली. कट्ट आवाज आला, मी लाइनीवरून ऐकला."

"सूज किती वेळात आली?"

"दोन घंट्यात नारळाएवढा झाला गुडघा."

मी फोनवरच डोळे मिटले. कोणी धक्का दिला नाही, आवाज आला, दोन घंट्यात गुडघा फुगला. एवढं ऐकलं की एमआरआय काय सांगन ते आम्हाले आधीच समजते. मांडीचं हाड अन् नडगीचं हाड यांच्या मधात, गुडघ्याच्या पोटात, दोन दोऱ्या आडव्या-तिडव्या जातात. त्यातली पुढची दोरी नडगीले पुढं सरकू देत नाही अन् गुडघ्याले भलता पिळा पडू देत नाही. तीच तुटली होती, पुरी. सरळ चालणाऱ्या माणसाचं तिच्यावाचून बरंच भागून जाते. पण उडी मारून, वळून, थांबून खेळणाऱ्या पोरीचं भागत नाही. तिचा गुडघा प्रत्येक वळणावर दगा देते.

रुपरावभाऊ तिले पहिल्यांदा घेऊन आले तेव्हा त्यांनी गुडघ्याले कोणाकडून तरी तेल चोळून आणलं होतं. मी अशी भडकली की खालचा दुकानदार वर पाहायले आला. मग बर्फ, दाबपट्टी, पाय वर. महिनाभर सूज उतरवली, पाय पुरा सरळ करून घेतला, मांडीत जीव आणला. सुजल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तं पुढं तो अकडते. फेब्रुवारीच्या तीन तारखेले ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीमागची शीर काढून नवी दोरी लावली. डॉक्टरांनी दवाखान्यातून सुटी देताना बापाले स्पष्ट सांगितलं, "नऊ महिन्यांच्या आधी कोर्ट नाही. अन् नऊ झाले म्हणूनबी नाही, टेस्ट पास झाली तं."

रुपरावभाऊंनी तिथंच बोटं मोजली. फेब्रुवारी ते नोव्हेंबर. निवड सप्टेंबरात. मग बोटं मुठीत दाबली.

ते बोलले माझ्याकडे, महिन्याभरानं. पोरगी सायकलवर पाय मारून राहिली होती. बाजूच्या पलंगावर रोशनी होती. रोशनी फुटबॉल खेळते, तिचीबी तीच दोरी, तिचंही त्याच हप्त्यात ऑपरेशन. ती पळता पळता बॉल सोडून एकदम वळली होती, समोरची पोरगी दोन हात दूर होती.

"मॅडम," रुपरावभाऊ म्हणे, "मी मैदानावर पाहतो. पोट्टे जास्त आहेत, दांडगाई जास्त करतात. मंग पोरींचेच गुडघे काहून तुटून राहिले?"

"पोट्ट्यांचेबी तुटतात. पण सारखाच खेळ, सारखाच वेळ धरला, तं पोरींचे दोन-तीन पट जास्त तुटतात."

"म्हंजे बाईच्या जातीचं हाडच कच्चं."

"कच्चं-बिच्चं काही नाही," मी म्हटलं. माझा पारा चढलाच. "उलसा, थोडकासा भाग अंगाच्या ठेवणीचा आहे, तो नाकारत नाही. कंबर रुंद, म्हून मांडी आत झुकते. दोरी बारीक, ती जिथून जाते ती खाचबी अरुंद. पाळीच्या हार्मोननं दोरी सैल होते असंबी म्हणतात, पण ते अजून पक्कं नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे भाऊ. पोरी उडीवरून खाली येतात तं गुडघा वाकवत नाहीत, खांबासारखा ताठ ठेवतात, अन् तो आत पडते. मांडीच्या पुढचा स्नायू ओढते, मागचा झोपलेला राहते. हे शिकवून सुधरते. पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, उडी मार, वाकून उतर, एका पायावर तोल धर. रोज केला तं अर्ध्याच्या आसपास गुडघे वाचतात. विचारा श्रावण सरांले, कधी करून घेतला का?"

श्रावण सर नेमके दारात उभे. "मॅडम, पोरींले कोर्ट मिळते दीड घंटा. साडेपाचले पोट्टे येऊन उभे राहतात. त्यात वीस मिनिटं वाकण्यात घालवू तं खेळू कधी?"

"अन् जिम?"

"जिम सकाळी पोट्ट्यांची. संध्याकाळी पोरींचे मायबाप पाठवत नाहीत."

"मंग झालं," मी म्हटलं. "वजन पोट्टे उचलणार अन् गुडघे पोरींचे तुटणार. अन् वरून म्हणा, बाईचं हाड कच्चं."

सर खाली पाहत राहिले. माणूस वाईट नाही. पोरींच्या बसभाड्यापासून पाण्याच्या कॅनपर्यंत सगळं तोच पाहते. पण ज्या गोष्टीचा फायदा दिसत नाही तिच्यासाठी कोर्टाची वीस मिनिटं कोण देते? न तुटलेला गुडघा कोणाले दिसत नाही.

वैभवीनं मेहनत केली. ते खोटं नाही बोलणार. वाडीहून दोन गाड्या बदलून यायची, एप्रिल-मेच्या उन्हात तोंडाले दुपट्टा बांधून. पहिले दोन हप्ते कुबड्या, पाय सरळ, मांडी आवळ, सूज उतरव. सहाव्या हप्त्यात लंगडणं गेलं. तिसऱ्या महिन्यात तिले एकदम भलतंच बरं वाटाले लागलं, अन् तोच काळ सगळ्यात कपटी असते. लावलेली शीर आधी आतून मरगळते, मग शरीर तिच्यात हळूहळू रक्त भरते, तिची दोरी बनवते. म्हणजे पोरगी म्हणते दुखत नाही, अन् आत दोरी सगळ्यात कमजोर. त्या दिवसांत ती एकदा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरली. मी वरून ओरडली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग! थांब वं!" रोशनी हसून हसून पलंगावर आडवी झाली. वैभवीबी हसली, अन् मग एकेक पायरी धरून उतरली.

चौथ्या महिन्यात जॉगिंग. पाचव्यात दोन्ही पायांच्या छोट्या उड्या. जुलैत तिची आई धानाची रोवणी सोडून येऊ शकली नाही, तं वैभवीच दोन हप्ते गावाले गेली अन् तिथं तिनं व्यायाम केला नाही. चिखलात उभं राहू नको म्हटलं होतं, ते ऐकलं. पण वजन कशाचं मारणार? शेतात जिम थोडीच आहे. परत आली तं मांडी पुन्हा बारीक. बावीस हप्त्यांचं काम दोन हप्त्यांत अर्धं वाहून गेलं असं मी म्हटलं, ते रागात जास्तच म्हटलं, पण गेलं होतं.

अन् सप्टेंबर आला.

निवडीच्या आधी फिटनेसचा कागद लागत होता. डॉक्टर म्हणाले, "शामला मॅडम टेस्ट घेतील, त्यांनी पास म्हटलं तं मी पाहीन. पण माझं मत नोव्हेंबरचंच आहे." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. ऑपरेशनले सात महिने अन् दोन हप्ते झाले होते. नऊ महिन्यांपर्यंत एकेक महिना थांबलं की पुन्हा तुटायचा धोका जवळपास अर्ध्यानं कमी होते, हे मी पोरींले पाठ करून घेते. भिंतीवर लिहून ठेवलं नाही एवढंच.

टेस्ट साधी असते. मोठ्या शहरात मशीन असते, मांडीची ताकद आकड्यात सांगते. आमच्याकडे फरशीवर चिकटवलेला टेप. एका पायावर उभं राहायचं, पुढं उडी मारायची, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं. आधी चांगल्या पायानं, मग ऑपरेशनवाल्या. ऑपरेशनवाला पाय चांगल्याच्या नव्वद टक्के गेला पाहिजे.

त्या दिवशी श्रावण सर खुर्चीत, रुपरावभाऊ दाराशी, चपला हातात धरून. त्यांनी गोडाऊनातून अर्धा दिवस सुटी घेतली होती.

डावा पाय, म्हणजे चांगला. तीन उड्या. सगळ्यात लांब एकशे अठरा सेंटिमीटर.

उजवा, ऑपरेशनवाला. सगळ्यात लांब एकशे नऊ.

श्रावण सरांनी मोबाईलवर भागाकार केला. "ब्याण्णव टक्के! मॅडम, ब्याण्णव!" रुपरावभाऊंच्या हातातली एक चप्पल खाली पडली.

मी टेपकडेच पाहत होती. कारण मले एक आकडा माहीत होता जो त्या खोलीत दुसऱ्या कोणाले माहीत नव्हता. आदल्या वर्षी श्रावण सरांच्या क्लबात मी सगळ्या पोरींची तपासणी केली होती, गुडघा तुटायच्या आधी. तेव्हा हीच वैभवी डाव्या पायावर एकशे एक्कावन्न गेली होती. एकशे एक्कावन्नची पोरगी आज एकशे अठरा कशी? अन् त्या एकशे एक्कावन्नशी उजवा पाय ताडला तं ब्याण्णव कुठले, बहात्तर होतात. बहात्तर म्हणजे साफ नापास.

आता इथं माझी अक्कल कशी चालली ते सांगते. खेळाडूंची एक चलाखी आहे, सगळ्या मैदानांवर माहीत आहे. ऑपरेशनवाला पाय लांब जात नाही ना, मंग चांगला पाय मुद्दाम आखूड टाकायचा. टक्का आपोआप वर. दोन वर्षांआधी एका पोरीले मी असं करताना रंगेहाथ धरलं होतं अन् खाली गाठींच्या मधात उभं करून झापलं होतं. तेच मले दिसलं. मी वैभवीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहून जीभ चावली अन् हसली.

मी समजली, पोरीनं चलाखी केली. अन् तिले समजलं की मले समजलं.

मी तिले पुन्हा उडी मारायले लावायले पाहिजे होतं. तोंड उघडायले पाहिजे होतं, माझं तोंड कशालेबी उघडते. पण बापाच्या हातात एकच चप्पल उरली होती. श्रावण सर ब्याण्णव-ब्याण्णव करत होते. अन् खरं बोलायचं तं मलेबी पाहिजे होतं. माझ्या या बावीस पायऱ्यांवरून एक पोरगी राज्याच्या टीममध्ये जाईन, लोक म्हणतीन शामला मॅडमनं उभी केली. ती हाव होती, दुसरं काही नाही. मी मनात म्हटलं, चलाखी केली म्हणजे डावा पाय चांगलाच आहे, मुद्दाम आखूड टाकला. उजव्यावर पट्टा बांधू. दोन दिवसांची निवड, तेवढ्यानं काय होते? टीममध्ये नाव लागलं की बसवून ठेवीन तिले जानेवारीतल्या नॅशनलपर्यंत.

मी ब्याण्णव लिहिलं अन् सही केली; डॉक्टरांनी पुढं त्यावरच नाखुशीनं कागद दिला. जाताना वैभवी पाया पडली, तं मी म्हटलं, "ऊठ वं, नाटकं नको करू. उजवा सांभाळ." डाव्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

निवड आपल्याच शहरात होती, सिमेंटचं कोर्ट, सकाळपासून ऊन. पहिल्या दिवशी ती अशी खेळली की बाहेरगावच्या कोचांनी तिचं नाव विचारलं. रुपरावभाऊ जाळीपाशी उभे होते, गावाले फोन लावून बायकोले सांगत होते, "आवाज ऐकू येते का? तो टाळ्यांचा आवाज आपल्या पोरीचा आहे." मीबी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या क्वार्टरले, ती उजवीकडून बॉल घेऊन आत घुसली. उजव्या हातानं टाकायचं म्हणजे उडी डाव्या पायावरून. बॉल टोपलीत गेला. ती खाली आली, डाव्याच पायावर, गुडघा ताठ. समोर कोणी नव्हतं. मी पाहिलं, गुडघा आत गेला. ती बसली नाही, पडली.

मी जाळीच्या दारातून धावली. श्रावण सर बर्फाची पिशवी घेऊन माझ्या पुढं. डोळ्यांनी डावा पाहिला होता, तरी सवयीनं आम्ही दोघांनीबी तिचा उजवा गुडघा धरला. सर त्यावर बर्फ दाबून राहिले, मी पट्टा सोडून राहिली, वरून म्हणून राहिली, "काही नाही, काही नाही, शीर ताणली असंन."

वैभवी माझं मनगट ओढून राहिली होती. "डावा, मॅडम. डावा. तुम्ही चुकीचा पाय धरला."

निवड समितीनं दुपारी नावं वाचली. तिचं नाव होतं त्यात, पहिल्या पाचात. श्रावण सरांनीच जाऊन ते कापून घेतलं.

एमआरआय तिसऱ्या दिवशी झाला. डाव्याचीबी तीच दोरी, पुरी तुटली, सोबत हाडांमधल्या गादीलेबी चीर. डॉक्टर मले आवाज चढवून काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "कमी वयाच्या पोरी लवकर खेळाले जातात तं चार-पाचातल्या एकीचं पुन्हा तुटते. अन् पोरींमध्ये पुष्कळदा दुसराच गुडघा जाते. तुम्हाले हे माहीत आहे, शामला मॅडम." माहीत होतं. मी शिकवते ते.

हप्त्यानं ते दोघं क्लिनिकात आले. रुपरावभाऊंनी पोरीले पाठीवर घेऊन जिना चढवला, गोडाऊनात पोतं नेतात तसं. तिले पलंगावर बसवलं अन् उभेच राहिले, घाम पुसत. दुसरा पलंग रिकामा होता. रोशनीची वेळ मी मुद्दाम दुपारची केली होती.

मी रात्रंदिवस एकच विचार करत होती, की पोरीनं चलाखी केली अन् मी कानाडोळा केला, आम्ही दोघी सारख्याच चोर. तेवढाच एक आधार होता मले. म्हणून मी पहिलं वाक्य बोलली ते हे, अन् ते बोलल्याची लाज मले मरेपर्यंत राहीन.

"तू त्या दिवशी डावा पाय आखूड काहून टाकला वं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, तिले प्रश्नच समजला नाही.

"टेस्टले. एकशे अठरा. तू एकशे एक्कावन्नची पोरगी."

"मी आखूड नाही टाकला मॅडम." तिचा आवाज साधा होता. "मी तं पुरा जोर लावला होता. तीनही वेळा. मले वाटलं होतं डाव्यानं जास्त जाईन. नाही गेली, म्हून मले लाज वाटली. मंग तुम्ही पास म्हटलं, तं मले वाटलं ठीकच असंन."

जीभ चावली होती ती लाजेनं. मी काय समजली होती!

मग मले सगळं समजलं, अन् ते इतकं सोपं होतं की फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचं पोरगंबी सांगन. जवळपास नऊ महिने ती खेळली नव्हती. मोठ्या उड्या नाहीत, डाव्याले वजन नाही, जुलैत दोन हप्ते काहीच नाही. ऑपरेशन उजव्याचं झालं, पण बसून दोन्ही पाय होते. चांगला पाय चांगला राहिलाच नव्हता. मी एका अशक्त पायाले दुसऱ्या अशक्त पायाशी ताडलं अन् ब्याण्णव काढले. मी साडेसात महिने उजव्याचे व्यायाम मोजले. डाव्याले रोज म्हटलं, तू आराम कर, तू चांगला आहे.

"तुम्हाले ते एकशे एक्कावन्न तेव्हाच माहीत होतं?" हे रुपरावभाऊ बोलले.

खोटं बोलता आलं असतं. कागद माझ्याचकडे होते.

"माहीत होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी दिसलं होतं. मले वाटलं ही फसवून राहिली. तरीबी मी सही केली. थांबवायले पाहिजे होतं, नाही थांबवलं. मले नाव पाहिजे होतं भाऊ, पोरीच्या पायावर."

 त्यांनी शिवी दिली असती तं बरं झालं असतं, मले शिव्या परवडतात. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली हमाल ठेल्यावर गाठी लादून राहिले होते. मग ते म्हणाले, "खोली महिनाअखेरले सोडून राहिलो. ऑपरेशन झालं की गावालेच नेतो. तिथं कोण व्यायाम करवून घेईन माहीत नाही."

"मी येईन कुहीले," मी म्हटलं. "दर रविवारी. दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिल्यापासून. पैसा नाही घेणार. दोन्ही पायांचं करू. या वेळेस नऊ नाही, वर्ष घेऊ, पुरं."

"वर्षानं मी अठरा सोडून जाईन," वैभवी म्हणाली. "जुनिअर संपलं मॅडम."

 सीनिअरच्या टीमात बाया आठ-आठ वर्षं जागा धरून आहेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली पोरगी कोण घेते? तिले ते माझ्यापेक्षा आधी समजलं होतं.

मी तिचा डावा पाय हातात घेतला. सूज तपासली, वाटीच्या वरून बोटं फिरवली, पाय कुठवर सरळ होते ते पाहिलं. हात आपलं काम करतात, मनाले विचारत नाहीत.  मग मी वही काढली, नवं पान, तारीख टाकली. सवयीनं दोन रकाने पाडले, एक ऑपरेशनवाल्या पायाचा, एक चांगल्या पायाचा.

ती वाकून पाहत होती. तिनं बोट ठेवलं.

"मॅडम, आता तुलना कोणत्या पायाशी करसान?"

चिडून नाही विचारलं. तिले खरंच जाणून घ्यायचं होतं. पेन माझ्या हातात होता.

"कोणत्याच नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. ती रडली नाही. रुपरावभाऊ रडले, भिंतीकडे तोंड करून, अन् मी या वेळेस कोणावर रागावली नाही.